रांगेतला चौथा

महसूल खात्यात वामनरावांना सगळे ‘परेडवाले’ म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडे. नायब तहसीलदार म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार त्यांच्याकडे होते, आणि त्या अधिकारात ओळखपरेड घ्यावी लागे. म्हणजे पोलिसांनी पकडलेला माणूस त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतरांमध्ये उभा करायचा आणि साक्षीदाराला तो ओळखू येतो का ते पाहायचं. बाकीचे अधिकारी हे काम आलं की रजा टाकत. वर्ष-दीड वर्षानं कोर्टात उभं राहून वकिलाकडून सालटी काढून घ्यायची कुणाला हौस असते? वामनरावांना होती. सतरा परेडी घेतल्या आणि एकीतही वकिलाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या चहातच सांगून टाकत. जुनी माणसं तोवर दुसरा चहा मागवून मोकळी होत.

अठराव्या परेडीचं प्रकरण बाळापूरच्या बाजूचं होतं. खुशालराव आणि दुर्गाबाई हे साठीचं जोडपं शेतात जेवायला बसलं होतं. भर दुपारी दोघं जण मोटरसायकलवर आले, पाणी मागितलं, आणि दुर्गाबाईंच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला. खुशालराव आडवे आले तेव्हा एकानं त्यांच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. त्याचा तोंडाला बांधलेला दुपट्टा त्या झटापटीत खाली सरकला आणि दुर्गाबाईंना चेहरा दिसला. चार हातांवरून, लख्ख उन्हात, पण दोन घास खाईपर्यंतच. मग दोघंही पळाले. खुशालराव जगले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाहणारं माणूस एकच उरलं, ते म्हणजे दुर्गाबाई.

नऊ दिवसांनी पोलिसांनी शिवम नावाच्या टेम्पोवाल्याला नुसत्या संशयावरून धरलं. पोत सापडली नाही, पाइप सापडला नाही, दुसरा साथीदार तर आजवर सापडलेला नाही. शिवमला तोंडावर कापड टाकूनच नेलं-आणलं, त्याचा फोटो कुठं छापू दिला नाही, आणि तुरुंगात पाठवल्यावर परेडीसाठी वामनरावांना पत्र दिलं. थोडक्यात, सगळी केस दुर्गाबाईंच्या दोन डोळ्यांवर आणि वामनरावांच्या एका परेडीवर उभी होती.

एप्रिलचा महिना होता. वामनरावांनी आपल्या पद्धतीनं सगळं केलं. कोतवालाकरवी सहा माणसं बाहेरून आणवली, ती शिवमच्याच वयाची, उंचीची आणि रंगाची. अशा माणसांना डमी म्हणतात. आणलेल्या दहांतून चौघांना त्यांनी स्वतः परत पाठवलं होतं, एकाला केवळ नाक जास्त धारदार आहे म्हणून. पोलिसांना तुरुंगाच्या फाटकाबाहेरच थांबवलं. दोन पंच घेतले. दुर्गाबाईंना अशा खोलीत बसवलं की तिथून रांग दिसू नये. शिवमच्या डाव्या भुवईत जुना व्रण होता. वामनरावांनी सातही जणांच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टीचा सारखाच तुकडा लावला. मग शिवमला विचारलं, काही तक्रार आहे का, कपडे बदलायचे आहेत का, कुठं उभं राहायचंय. त्यानं एका डमीशी शर्ट बदलला आणि चौथ्या जागेवर जाऊन उभा राहिला.

पंचानं दुर्गाबाईंना आणलं. त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा एकदा गेल्या. दुसऱ्या फेरीत त्या चौथ्यासमोर थांबल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की यानंच माझ्या मालकाला मारलं.

वामनरावांनी पंचनामा लिहिला. शेवटी त्यांच्या सतराही पंचनाम्यांत असायचं ते वाक्य आलं: ‘साक्षीदाराने कोणताही संकोच न करता आरोपीस ओळखले.’ हात आपोआपच लिहून गेला.

घरी आल्यावर ते जेवायला बसले तेव्हा त्यांच्या पत्नीनं, गोदावरीनं, ताट वाढता वाढता विचारलं, की मनगटावर हे निळं काय लावून आलात. वामनराव म्हणाले, तुरुंगाचा शिक्का आहे, बाहेरून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या उजव्या मनगटावर मारतात आणि बाहेर पडताना तपासतात. गोदावरीला गंमत वाटली.

“म्हणजे आतला कोण अन् बाहेरचा कोण, हे हात पाहूनच समजते म्हणा,” ती म्हणाली आणि भाजी आणायला आत गेली.

वामनरावांचा घास हातातच राहिला. डमी सहाही बाहेरचे होते. सहांच्याही मनगटावर तो शिक्का होता. एप्रिलमुळे सगळे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आले होते, आणि हात खाली सोडून उभे राहा असं त्यांनीच तर सांगितलं होतं. शिक्का नव्हता फक्त एकाच्या हातावर. भुवईवरचा गव्हाएवढा व्रण झाकायला ज्यानं सात पट्ट्या कापल्या, त्याला रुपयाएवढे सहा शिक्के दिसले नव्हते. स्वतःच्या हातावरचासुद्धा बायकोनं दाखवला तेव्हा दिसला.

दुसऱ्या दिवशीच कोर्टाला दोन ओळी लिहून कळवता आलं असतं. त्यांनी कळवलं नाही. बाई हातांकडे कशाला पाहील, चेहराच पाहील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग त्यांची अमरावतीला बदली झाली आणि समजूत पक्की होत गेली. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. बेअब्रूला घाबरले होते. अठरावी परेड फसली म्हटल्यावर आधीच्या सतरांकडेही लोक वेगळ्या नजरेनं पाहणार, ही भीती होती. ती भीती ते एकोणीस महिने सांभाळून होते, आणि तेवढेच महिने शिवम तुरुंगात होता. दोनदा त्याचा जामीन फेटाळला गेला, आणि दोन्ही वेळा कारण दिलं होतं ते ओळखपरेडीचं. हे त्यांना समन्स हातात पडल्यावर कळलं.

साक्षीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते अमरावतीहून अकोल्याला आले. सरकारी वकील सौमित्र हे सरळ माणूस होते, पण त्यांच्या बगलेत पाच फायली होत्या आणि एक पाय जिन्यावर होता. वामनरावांनी तोंड उघडलं तोच ते म्हणाले, तुमच्या परेडीची काळजी नाही, तुमचा पंचनामा मी नव्या वकिलांना नमुना म्हणून दाखवतो. आणि ते जिना चढून गेले. वऱ्हांड्यातल्या बाकावर दुर्गाबाई बसल्या होत्या. त्यांची साक्ष महिन्यापूर्वीच झाली होती आणि कोर्टात पिंजऱ्यातल्या शिवमकडे बोट दाखवून त्यांनी त्याला ओळखलं होतं. तरी प्रत्येक तारखेला त्या यायच्या. वामनरावांना पाहून त्यांनी हात जोडले.

“साहेब, तुमी सगळं नीट केलं म्हणून हे एवढं झालं,” त्या म्हणाल्या. “नाई तं आमच्या गरिबाचं कोन आयकते.”

वामनराव मान हलवून आत गेले.

शपथ घेतली. सौमित्रनी सरतपासणीत पायरी पायरीनं सगळं वदवून घेतलं. डमी कसे निवडले, पोलीस कुठं होते, पट्ट्या का लावल्या. न्यायाधीशबाई लेखनिकाला मजकूर सांगत होत्या. पट्ट्यांचं ऐकून त्यांनी चष्म्यावरून एकदा वामनरावांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पसंती होती. तीच त्यांना जास्त लागली.

मग बचावाची वकील उठली. जुईली तिचं नाव, वय तिशीच्या आत. उलटतपासणीत जे नेहमी विचारतात तेच ती विचारत होती. परेडीआधी साक्षीदाराला फोटो दाखवला होता का? माहीत नाही. तपासी अंमलदार तुरुंगाच्या आत आले होते का? नाही. आणि मग ते प्रश्न सुरू झाले ज्यांची उत्तरं दोन्हीकडच्या वकिलांना आधीच पाठ असतात. वकिलानं म्हणायचं, अमुक झालं नाही, आणि साक्षीदारानं म्हणायचं, हे म्हणणं खरं नाही.

“पंचनामा तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून लिहिला.”

“हे म्हणणं खरं नाही.”

“आरोपी आणि डमी यांच्यात सारखेपणा नव्हता.”

चार शब्द म्हणायचे होते. सतरा वेळा म्हटलेले. वामनरावांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. शिवम गजाला टेकून उभा होता आणि खाली पाहत होता. या प्रश्नातून काही निघेल असं त्याला तरी कुठं वाटत होतं? खुद्द जुईली कागद उलटून पुढचा प्रश्न शोधत होती.

“हे म्हणणं खरं आहे,” वामनराव म्हणाले.

लेखनिकानं सवयीनं ‘खरं नाही’ टाइप केलं होतं, ते त्याला खोडावं लागलं. जुईलीनं मान वर केली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, नीट सांगा. मग वामनरावांनी सांगितलं. सहा जणांच्या उजव्या मनगटावर तुरुंगाचा शिक्का होता, आरोपीच्या नव्हता, हात उघडे होते, आणि हे त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर आपल्या लक्षात आलं होतं. बाईंनी विचारलं, पंचनाम्यात का नाही? “पंचनामा तोवर लिहून झाला होता, नंतर भीतीपोटी कळवलं नाही,” ते म्हणाले. आणि आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून हेही सांगितलं की ‘कोणताही संकोच न करता’ हे वाक्य बरोबर नाही, साक्षीदार रांगेसमोरून दोनदा फिरल्या होत्या.

सौमित्रनी उठून फेरतपासणीत एकच विचारलं: साक्षीदार हातांकडे पाहत होत्या असं तुम्हाला दिसलं का? वामनराव म्हणाले, माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं, सांगता येत नाही. ते खरंच होतं.

जुईलीनं दुर्गाबाईंना पुन्हा तपासण्यासाठी बोलवावं असा अर्ज दिला. सौमित्रनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या की साक्षीदार वऱ्हांड्यातच आहे, तेव्हा आजच बोलावू, पण आत काय घडलं ते कुणीही तिला सांगायचं नाही. वामनरावांना आतच मागच्या बाकावर बसायला सांगितलं.

दुर्गाबाई आल्या. पहिला प्रश्न न्यायाधीशबाईंनीच विचारला, आणि त्यात शिक्क्याचं नावही काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की तुरुंगातल्या रांगेतून तुम्ही या माणसाला कसं ओळखलं ते तुमच्या शब्दांत सांगा. आजवर हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ओळखलं का, असंच सगळ्यांनी विचारलं होतं, आणि त्या हो म्हणाल्या होत्या.

“तिसऱ्यात अन् चौथ्यात अडकली होती मी, बाईसाहेब,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात वावगं असं काही वाटत नव्हतं. “दोघंबी तसेच वाटे. मंग दुसऱ्या फेरीले हात पायले. सगळ्यायच्या हातावर निया शिक्का होता, फाटकात माह्या हातावर मारला तसाच, चौथ्याच्या नव्हता. मले वाटलं, ज्यायले सरकारनं तपासून सोडलं त्यायले शिक्का मारला असन. मंग बिनशिक्क्याचा तोच. म्हनून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.”

न्यायाधीशबाईंनी मग हळू आवाजात विचारलं, की गेल्या महिन्यात इथं, कोर्टात, कसं ओळखलं?

“इथं तं पायल्याबरोबर ओळखलं,” दुर्गाबाई म्हणाल्या. “याच्याच खांद्यावर हात ठेवला होता ना मी.”

वामनरावांनी मान खाली घातली. त्या म्हाताऱ्या बाईनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता, ना आज ना तेव्हा. खोटं लिहिलं होतं ते त्यांनी, शुद्ध मराठीत आणि शिक्क्यासह.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. वामनरावांना यायची गरज नव्हती, तरी ते रजा टाकून आले. न्यायाधीशबाईंनी निकालातला महत्त्वाचा भाग वाचून दाखवला. ओळखपरेड हा मूळ पुरावा नसतो, साक्षीदार कोर्टात शपथेवर ओळखतो तो मूळ पुरावा. परेड त्याला आधार देते, एवढंच. पण साक्षीदारानं आरोपीला आधी कधी पाहिलेलं नसेल, आणि दुसरा कसलाच पुरावा नसेल, तर दीड वर्षानंतर पिंजऱ्यात एकटाच उभा असलेला माणूस ओळखण्याला फारसं मोल राहत नाही. उजेड भरपूर होता आणि अंतर कमी होतं हे खरं, पण चेहरा क्षणभरच दिसला होता. फिर्यादीत दिलेलं वर्णन ‘उंच, सावळा, पंचविशीतला’ एवढंच आहे, भुवईच्या व्रणाचा त्यात उल्लेख नाही. परेडीत निवड चेहऱ्यावरून झाली की शिक्क्यावरून, हे खुद्द साक्षीदाराच्या सांगण्यावरूनच संशयाचं ठरतं, आणि नंतरची ओळख ही परेडीतल्या त्या माणसाची ओळख आहे. साक्षीदार प्रामाणिक आहे, पण प्रामाणिक साक्षीदाराचीही चूक होते. संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता. दंडाधिकाऱ्यांच्या कसुरीबद्दल दोन ओळी होत्या आणि निकालाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायची होती. दोन ओळींत सतरा परेडी बुडाल्या. वामनरावांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं.

शिवमनं कुणाकडे पाहिलं नाही. त्याची आई दारात उभी होती, तिच्याबरोबर तो भराभर जिना उतरून गेला.

दुर्गाबाई खालच्या आवारात कडुनिंबाच्या पाराशी होत्या. आज खुशालरावांनाही आणलं होतं. त्यांना पारावर टेकवून त्या स्टीलच्या पेल्यानं पाणी पाजत होत्या आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेलं पदरानं टिपत होत्या. वामनरावांना मागच्या फाटकानं सटकता आलं असतं. ते समोर जाऊन उभे राहिले. शिव्या खायची तयारी करूनच गेले होते.

ते म्हणाले की चूक माझी आहे, तुमची नाही. शिक्के मी पाहायला पाहिजे होते, ते पुसून घेतले असते नाहीतर सगळ्यांच्या बाह्या लांब केल्या असत्या तर तुम्हाला चेहराच पाहावा लागला असता. आणि त्याच दिवशी सांगितलं असतं तर परेड वेळेत पुन्हा घेता येते का, दुसरा पुरावा मिळतो का, हे तरी पोलिसांनी पाहिलं असतं.

दुर्गाबाईंनी पेला खाली ठेवला.

“तोच होता का थो, साहेब?”

“मला माहीत नाही,” वामनराव म्हणाले.

“मलेबी नाई आता.” त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. “त्या दिवशी शेतात पायलेला चेहरा लई दिवस डोयासमोर होता. रातच्याले उठून बसे मी. मंग तुमच्या रांगेत एकाले हात लावला अन् तवापासून डोये मिटले का याचाच चेहरा येते. पयला गेला. किती आठवून पायते, येतच नाई.”

खुशालराव डाव्या हातानं त्यांचा पदर ओढत होते. त्यांना घरी जायचं होतं, किंवा काही सांगायचं होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. दुर्गाबाईंनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. वामनरावांनी दुसऱ्या बाजूनं धरलं आणि तिघं रस्त्यावरच्या ऑटोकडे निघाले. फाटकाशी कोर्टाच्या कामाला आलेल्या माणसांची गर्दी होती. त्यातला एक उंच, सावळा, पंचविशीतला पोरगा या म्हाताऱ्याला पाहून अदबीनं बाजूला झाला.

दुर्गाबाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वामनरावांना म्हणाल्या, “हाबी असू शकते, साहेब. ज्यानं मारलं थो समोरून आला तरी मी त्याले दादा म्हनून वाट मागीन.”